गरब्याच्या मैदानात आधी गेट पाहायचं

नवरात्र आलं की आपल्या गटांमध्ये एक बेत हमखास शिजतो. गोंदियाला नाहीतर नागपूरला गरबा पाहायला जायचं, गाडी ठरवायची, लेकरंही न्यायची. वर्षभर धानाच्या चिखलात वाकलेल्या बायांना एक रात्र दिव्यांच्या झगमगाटात फिरावंसं वाटतं, त्यात वावगं काही नाही. आम्हीही जातो. मागच्या वर्षी एका शहरातल्या मोठ्या मैदानावर गेलो होतो, चौदा बाया आणि पाच लेकरं. आज त्या रात्रीबद्दल बोलायचं आहे.

आत जाताना काहीच त्रास झाला नाही. गेटावर बांबूच्या बल्ल्या बांधून वळणावळणाची रांग केली होती, पास बघत होते, पिशव्या तपासत होते. आम्ही साडेसातला आत गेलो, दोन तास मजेत पाहिलं. दहाला गाणं बंद झालं, दिवे उजळले आणि सगळं मैदान एकाच वेळी घराकडे निघालं. ज्या गेटातून आलो तेच गेट, त्याच बल्ल्या, तीच वळणं. बाहेर रस्त्यावर गाड्या, ऑटो, फुगेवाले, कुल्फीच्या हातगाड्या. गेटापासून वीस-पंचवीस पावलांवर आम्ही अडकलो. दोन्ही खांद्यांना माणसं लागली, मग छातीला आणि पाठीलाही. आमच्यातल्या एका ताईचा हात सुटला आणि तिची सहा वर्षांची मुलगी दिसेनाशी झाली. वीस मिनिटांनी ती सापडली. एका अनोळखी बाईनं तिला उचलून कनातीच्या कडेला, खुर्च्यांच्या ढिगावर बसवलं होतं. बाकी कुणाला काही झालं नाही, दोघींच्या चपला गेल्या, एकीच्या बांगड्या फुटून हाताला लागल्या. बस, एवढंच. पण गाडीत बसल्यावर घर येईपर्यंत कुणी बोललं नाही.

चेंगराचेंगरी म्हटली की आपल्याला वाटतं, माणूस खाली पडतो आणि पायाखाली येतो. तसंही होतं. पण अशा ठिकाणी बहुतेक माणसं श्वास कोंडून जातात, आणि कितीतरी जण उभ्या उभ्याच. श्वास घ्यायचा म्हणजे छाती फुगायला हवी. पुढून-मागून माणसं दाबत असतील तर सोडलेला श्वास परत घ्यायला छातीला जागाच मिळत नाही. आपल्याकडे गोदामात धानाच्या पोत्यांची थप्पी लावतात. वरचं पोतं कुणी दाबत नाही, तरी खालच्या पोत्यावर सगळा भार असतो. गर्दीतही मागचा माणूस जोरात ढकलत नसतो, तो फक्त थोडा पुढे झुकतो. अशी शंभर माणसं थोडी थोडी झुकली की पुढच्याच्या छातीवर तो सगळा भार येतो. आणि मागच्याला पुढचं काहीच दिसत नाही. त्याला वाटतं, रांग सरकत नाही, जरा रेटू या.

आपल्या भागातल्या बायांना हे नव्यानं सांगायला नको. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात गोवारी समाजाचा मोर्चा अडवलेला होता. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि पळायला जागा नव्हती. ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव दिलं आहे, आपण नागपूरला गेलो की त्याच्याखालून जातो. तो मोर्चा होता, उत्सव नव्हता, आणि तिथे दोष कुणाचा हा वेगळा विषय आहे. पण शरीराचं काय होतं ते दोन्हीकडे सारखंच, पुढे वाट नाही आणि मागून माणसं येतच आहेत.

उत्सवाच्या मैदानाचं उदाहरण पाटण्याचं आहे. ३ ऑक्टोबर २०१४, दसऱ्याची संध्याकाळ. गांधी मैदान हे फार मोठं मैदान आहे, रावणदहनाला तिथे लाखो लोक जमतात. दहन सुरळीत पार पडलं. रावण जळेपर्यंत काहीच झालं नाही, हे लक्षात ठेवा. लोक परत निघाले तेव्हा झालं. मैदानाला बरेच दरवाजे आहेत, पण त्या संध्याकाळी सगळे लोकांसाठी उघडे नव्हते, उजेडही कमी होता. गर्दी एका बाजूच्या वाटेवर लोटली. त्यात विजेची तार तुटून पडल्याची अफवा उठली, आणि ३३ जीव गेले. तिथेही बाया आणि लेकरं जास्त. एवढं मोठं मोकळं मैदान, आणि माणसं मेली ती त्याच्या दारापाशी.

म्हणून यंदा आम्ही गेटाचाच हिशेब मांडला. बचत गटाच्या बायांना हिशेबाचं भय नसतं, तुम्हीही करून पाहा. सपाट जमिनीवर, काही अडथळा नसेल, तर साधारण एक मीटर म्हणजे सव्वातीन फूट रुंद वाटेतून एका मिनिटात ८० माणसं बाहेर पडतात. पायऱ्या असतील तर त्याहून कमी, ६५ च्या आसपास. इंग्लंडात क्रीडांगणांसाठी जे सुरक्षेचे नियम लिहून ठेवले आहेत त्यात हा आकडा आहे. आता समजा मैदानात ५००० माणसं आहेत आणि गेट एकच आहे, दहा फूट रुंद, बैलगाडी आरामात जाईल एवढं. दहा फूट म्हणजे तीन मीटर. मिनिटाला २४० माणसं. पाच हजारांना बाहेर पडायला २१ मिनिटं लागतील. तेच गेट अर्धंच उघडलं, किंवा तोंडाशी दोन मोटारसायकली लावल्या, तर ४२ मिनिटं. आणि तसलीच तीन गेटं पूर्ण उघडी असली तर सातच मिनिटं. त्या नियमांत म्हटलं आहे की माणसं आठ मिनिटांच्या आत वाटेला लागायला हवीत. ते आम्हाला बरोबर वाटतं. कडेवर झोपलेलं लेकरू घेऊन बाई पाच-सात मिनिटं थांबेल, बेचाळीस मिनिटं थांबणार नाही. ती पुढे सरकणार. सगळेच सरकणार. गेट तेवढंच राहतं, आणि त्याच्यासमोरची माणसं दाट होत जातात.

काही बायांना हा हिशेब कागदावरचा वाटला. म्हणून ग्रामसंघाच्या बैठकीनंतर आम्ही शाळेच्या फाटकावर करून पाहिलं. फाटक चार फुटांचं, बाया साठ. शांतपणे चालत निघालो तर चाळीस सेकंदांत सगळ्या बाहेर. मग एक मोटारसायकल आडवी लावून दोनच फूट जागा ठेवली. दीड मिनिट लागलं. तिसऱ्यांदा एकीनं मागून ओरडायचं ठरवलं, "चला लवकर, गाडी सुटली." तिघी एकदमच फाटकात शिरल्या आणि खांद्याला खांदा लागून तिथेच अडकल्या. हसून हसून पुरेवाट झाली. पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. ज्या ताईची मुलगी हरवली होती, ती मात्र हसली नाही.

गरब्याच्या मैदानात हा धोका जरा जास्त का, तेही सांगतो. माणसं आत येतात ती दोन-तीन तासांत थोडी थोडी. बाहेर जातात ती एकदम, कारण रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवायला बंदी आहे. वर्षातले ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, त्या दिवशी बाराला तेच होतं. म्हणजे सगळ्या मैदानाची सुटी एका मिनिटाला. दुसरं म्हणजे पास. पास नसलेले आत घुसू नयेत म्हणून आयोजक बाजूची आणि मागची गेटं कुलूप लावून ठेवतात, आणि आत येण्याच्या वाटेवर वळणाच्या बल्ल्या बांधतात. माणसं एकेक करून आत घ्यायला ती वळणं चांगली, पण बाहेर पडणाऱ्या लोंढ्याला ती फासासारखी. तिसरं, चटईखालून जाणाऱ्या तारा, कनातीचे ताणलेले दोर, घेरदार घागरे, जमिनीवर लोळणाऱ्या ओढण्या. एक जण अडखळून पडला की मागचा त्याच्यावर पडतो. आणि गेटाबाहेर रस्ता अडवणाऱ्या गाड्यांमध्ये आपलीही गाडी असते, हे कबूल करायला हवं. आम्हीच मागच्या वर्षी ड्रायव्हरला सांगितलं होतं, "दादा, अगदी गेटासमोरच उभी ठेवा."

आता अफवेबद्दल. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर २३ माणसं चेंगरून गेली. जोराचा पाऊस आला म्हणून लोक जिन्यावर आडोशाला थांबले होते आणि गाड्यांमधून उतरणारी माणसं मागून येतच होती. त्यातून वाचलेल्या काहींनी सांगितलं की एका फुलवाल्याचं ओझं खाली पडलं, "फूल गिर गया" असं कुणी ओरडलं, आणि लोकांनी ते "पूल गिर गया" असं ऐकलं. रेल्वेच्या चौकशीनं पावसामुळे झालेली गर्दी हेच कारण दिलं. आम्हाला वाटतं दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. मोकळ्या पुलावर हा शब्द कुणी चुकीचा ऐकला असता तर चार माणसं पळाली असती, एवढंच. गर्दी आधीच दाटलेली असली की मग एक शब्दसुद्धा पुरतो. म्हणून गर्दीत आपण स्वतः ओरडायचं नाही, आणि कुणी तार पडली, आग लागली असं ओरडलं तर आधी आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि मग कडेच्या दिशेनं सरकायचं, गेटाच्या दिशेनं नाही.

गर्दी धोक्याची झाली हे कसं ओळखायचं? यासाठी आकडे लागत नाहीत, आपलं शरीर सांगतं. एका चौकोनी मीटरमध्ये चार माणसं असली तरी चालता येतं. दोन्ही खांद्यांना एकाच वेळी अनोळखी माणसं लागू लागली की समजायचं, आता इथून निघायचं. हात वर उचलून तोंडावरचा घाम पुसता येत नसेल तर उशीर झालेला आहे. आणि आपण पाऊल न टाकताच पुढे-मागे सरकतो आहोत, पाण्याच्या लाटेसारखे हेलकावे येताहेत, असं झालं तर ती गर्दी आता कुणाच्याच ताब्यात नाही, पोलिसांच्याही नाही. बहुतेक बाया पहिल्या खुणेला म्हणतात, "एवढं काय, यात्रेत असंच असतं." आम्हीही तसंच म्हटलं होतं.

अडकलोच तर काय करायचं, ते बैठकीत उभं राहून एकमेकींना करून दाखवा. दोन्ही हात मुठी आवळून छातीसमोर आडवे धरायचे, छाती आणि पुढच्याची पाठ यांच्यामध्ये दोन-चार बोटं जागा राहील असे. तेवढीच जागा श्वासाला पुरते. एक पाय थोडा पुढे ठेवून उभं राहायचं. लोंढ्याच्या विरुद्ध रेटायचं नाही, त्यात ताकद जाते. लाट पुढे गेली की तिच्याबरोबर जायचं, ती थांबली की एक-दोन पावलं तिरपं, कडेकडे. भिंत किंवा लोखंडी कठडा पाठीशी येऊ द्यायचा नाही, सगळा दाब तिथे येतो. कनात कापडाची असते, ती खालून उचलता येते, गरज पडली तर फाडताही येते. चप्पल, पर्स, मोबाइल काहीही पडलं तरी वाकायचं नाही. एकदा वाकलं की परत उभं राहू देत नाहीत. पडलोच आणि उठता येईना, तर पाठीवर किंवा पोटावर राहायचं नाही, एका कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी डोकं झाकायचं.

लेकरांचं वेगळं असतं. आपल्याला जिथे दोन्ही खांदे लागतात तिथे सहा वर्षांच्या लेकराचं तोंड मोठ्यांच्या कमरेशी असतं. त्याला हवाही मिळत नाही आणि वरून ते कुणाला दिसतही नाही. म्हणून गर्दी दाटायच्या आधीच उचलायचं, नंतर वाकायला जागा राहत नाही. समोर, छातीशी घ्यायचं, त्याचं तोंड आपल्या खांद्याच्या वर येईल असं. पाठीवर ओढणीनं बांधलं तर ते दाबलं जातं आणि आपल्याला कळतही नाही. खांद्यावर बसवलं तर धक्क्यानं तोल जातो. चालणाऱ्या मुलाची बोटं धरू नका, मनगट धरा. घामानं बोटं निसटतात, त्या ताईचं तेच झालं. आणि एका बाईकडे एकच लहान लेकरू. दोन असतील तर दुसरं आधीच कुणाच्या तरी हाती सोपवायचं, मैदानात गेल्यावर नाही, गाडीत बसतानाच.

मुलाच्या मनगटावर फोन नंबर लिहून न्यायचा. पेनाचा नंबर घामानं पुसतो, म्हणून आम्ही आदल्या रात्री मेहंदीच्या कोनानं लिहिणार आहोत, मुलींना तर ती हौसच वाटते. नंबर आपला लिहू नका. गाण्याच्या आवाजात आपल्याला फोन ऐकू येणार नाही. घरी राहिलेल्या माणसाचा लिहा. तो सौंदडमध्ये बसून दोन्हीकडचा निरोप नीट ऐकेल आणि पुढे सांगेल. गाडीतून उतरल्यावर प्रत्येक लेकराचा एक फोटो त्याच दिवसाच्या कपड्यांत काढा. घाबरल्यावर आईलासुद्धा फ्रॉकचा रंग आठवत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. मुलाला एवढंच शिकवायचं, हात सुटला तर आईला शोधत फिरायचं नाही, कडेला जाऊन थांबायचं आणि पोलीस ताईला किंवा जिच्याजवळ लेकरू आहे अशा बाईला मनगट दाखवायचं. आपण सगळ्या जणी शोधायला गर्दीत घुसू नये. दोघी जातील, एक मंचावर जाऊन नाव पुकारायला सांगेल, बाकीच्या उरलेल्या लेकरांना घेऊन ठरलेल्या जागी थांबतील. ती जागा गेटापाशी नको, सगळ्यात जास्त दाब तिथेच असतो. रस्त्यापलीकडचं एखादं दुकान, एखादं झाड ठरवा. मूल सापडेना तर ११२ ला फोन लावा, मुलांसाठी १०९८ ही आहे.

आणि सगळ्यात सोपा उपाय तुम्हाला आवडणार नाही. साडेनऊला निघायचं. दहा वाजताचा लोंढा चुकवायला अर्धा तास पुरतो. आमच्यातल्या तरण्या सुना म्हणाल्या, "ताई, खरी रंगत तर शेवटीच येते." ते खरंच आहे. मग त्यांच्यासाठी दुसरा मार्ग काढला. ज्यांच्याजवळ लेकरं आहेत त्या साडेनऊला निघणार. ज्यांना शेवटपर्यंत थांबायचं त्या संपल्यावर लगेच न निघता मैदानाच्या मधोमध बसून राहणार, वीस मिनिटं, पाणी पीत. मधोमध तेव्हा कुणीच नसतं. गाडी गेटापासून दूर, चौकाच्या पुढे उभी राहील, तेवढं चालू.

यंदा आम्ही एकदम तीस पास घेणार आहोत. तीस पास म्हणजे बऱ्यापैकी पैसे. म्हणून पैसे देण्याआधी गटातल्या तिघींनी आयोजकांच्या माणसाला फोन केला. बाहेर पडायची गेटं किती, किती फुटांची, संपताना सगळी उघडी असतात का, आणि वळणाच्या बल्ल्या तेव्हा काढता का, हे विचारलं. तो आधी हसला, म्हणाला, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाला, तीन गेटं आहेत, मागचं सुरक्षेसाठी बंद असतं, पण लागलं तर उघडतो. आमच्यातली सर्वात म्हातारी बाई, जी फोनवर सहसा बोलत नाही, तिनं विचारलं, "बाबू, चावी कोणापाशी राहते?" तो थांबला, म्हणाला, विचारून सांगतो. दोन दिवसांनी त्याचा परत फोन आला. मागच्या गेटावर साडेनऊपासून चावीवाला माणूस उभा राहील, असं त्यानं सांगितलं. आम्ही पास घेतले आहेत. पहिल्या रात्री आत गेल्यावर आधी आम्ही त्या मागच्या गेटापर्यंत चालत जाणार आहोत, लेकरांना घेऊन, आणि माणूस उभा आहे का ते पाहणार आहोत.